भाव ठरण्याआधी दिलेली ऑर्डर

१८ डिसेंबर २०२०, शुक्रवार. त्या दिवशी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात टेस्लाचा शेअर ६६८ डॉलर ९० सेंटला उघडला, मधल्या काळात ६२८ पर्यंत घसरला आणि दिवसातला सर्वांत वरचा भाव त्याने गाठला तो बाजार बंद होताना : ६९५ डॉलर. हाच त्याचा त्या दिवसाचा अधिकृत बंद भाव ठरला. म्हणजे दिवसभरात कोणीही टेस्ला घेतला असेल, त्याला तो याहून महाग पडलेला नाही. तरीही मोठमोठ्या फंडांनी सकाळपासून वाट पाहिली आणि नेमक्या या सर्वांत महाग भावाला कोट्यवधी शेअर उचलले. त्या एका दिवसात टेस्लाच्या २२ कोटींहून अधिक शेअरांची उलाढाल झाली.

यात खुळेपणा नव्हता. सोमवारी सकाळपासून टेस्ला एस अँड पी ५०० निर्देशांकात दाखल होणार होता आणि निर्देशांकाच्या हिशेबात तो शुक्रवारच्या बंद भावाने धरला जाणार होता. निर्देशांकाची हुबेहूब नक्कल करणे एवढेच ज्या फंडाचे काम, त्याने ६४० ला शेअर घेतला असता तर फायदा दिसला असता हे खरे. पण भाव उलटा फिरला असता, तर तेवढाच तोटा गुंतवणूकदारांच्या माथी बसला असता. ज्या भावाने मोजले जाणार, त्याच भावाने घ्यायचे, हा अशा फंडाचा धर्म. स्वस्त की महाग, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतोच.

असे बांधलेले व्यवहार फक्त निर्देशांक फंडांचे नसतात. महिनाअखेरीला समभाग आणि रोख्यांचे प्रमाण जागेवर आणणारे पेन्शन फंड, बंद भावावरच नियम बेतलेले छोटे संगणकीय कार्यक्रम, वायद्यांची बाजू सांभाळणाऱ्या पेढ्या, सगळेच दिवसाच्या शेवटच्या एका भावासाठी रांग लावतात. अमेरिकी शेअरबाजारातल्या उलाढालीचा सुमारे दहावा हिस्सा त्या एका शेवटच्या लिलावात होतो. हे काम आता माणसे हाताने करत नाहीत; रोज ठरल्या वेळी जागा होणारा एखादा प्रोग्राम करतो. वरवर पाहता हे काम सोपे वाटते. घड्याळ पाहायचे, ऑर्डर टाकायची, बंद भाव नोंदवायचा. अडचण अशी, की ऑर्डर द्यायची तेव्हा भाव अस्तित्वात नसतो. आणि भाव अस्तित्वात आला, की पडद्यावर त्याच्यासारखे दिसणारे आणखी तीन-चार आकडे असतात.

आधी हा भाव ठरतो कसा ते पाहू. दिवसभर बाजारात सौदे एकामागून एक, वेगवेगळ्या भावांना होत असतात. शेवटी मात्र लिलाव होतो. लासलगावला कांद्याच्या प्रत्येक गाडीचा वेगळा लिलाव होऊन वेगळा भाव निघतो, तसा हा नव्हे. इथे घेणारे आणि विकणारे सगळे एकाच वेळी समोरासमोर आणले जातात आणि सगळ्यांना मिळून एकच भाव लागतो. ज्या भावाला जास्तीत जास्त शेअरांची देवघेव होऊ शकेल, तो बंद भाव.

लिलावात मुख्यतः दोन तऱ्हेच्या ऑर्डरी असतात. ‘मार्केट ऑन क्लोज’, म्हणजे एमओसी, सांगते : बंद भाव जो काही निघेल तो मान्य, पण शेअर हवेतच. ‘लिमिट ऑन क्लोज’, म्हणजे एलओसी, सांगते : बंद भाव माझ्या मर्यादेत निघाला तरच. समजा, एका शेअरचा चालू भाव ६० डॉलर आहे. एमओसीने ५० हजार शेअर घ्यायचे आहेत आणि ३० हजार विकायचे. शिवाय एलओसीवाले आहेत. एक जण ६० डॉलर पाच सेंटपर्यंत ४ हजार घ्यायला तयार आहे. विकणाऱ्यांपैकी ५ हजार शेअर ६० ला, ८ हजार शेअर ६०.०५ ला आणि १० हजार शेअर ६०.१० ला सुटू शकतात.

आता ६० हा भाव धरून पाहा. घेणारे ५४ हजार, विकणारे ३५ हजार. सौदा ३५ हजारांचा. ६०.०५ धरला तर विकणारे ४३ हजार होतात, सौदा ४३ हजारांचा. ६०.१० वर ६०.०५ ची मर्यादा घातलेला गिऱ्हाईक गळतो, घेणारे ५० हजार उरतात, विकणारे ५३ हजार होतात. सौदा ५० हजारांचा. याहून मोठा आकडा कुठेच निघत नाही, म्हणून बंद भाव ६०.१०. एमओसीने मागणाऱ्या प्रत्येकाला शेअर मिळाले. ६०.१० ला विकू पाहणाऱ्यांचे १० हजारांपैकी ७ हजारच गेले. आणि मर्यादा घालणारा तो गिऱ्हाईक पाच सेंटांच्या फरकाने रिकाम्या हाताने परतला.

व्यवहार बंद भावालाच झाला पाहिजे अशी ज्या प्रोग्रामची अट आहे, त्याने एमओसी का वापरायची, याचे उत्तर या शेवटच्या गिऱ्हाइकात आहे. एलओसीची मर्यादा आपल्याला वाईट भावापासून वाचवते, पण शेअर मिळण्याची हमी काढून घेते. एलओसी वापरणाऱ्याला ‘मिळालेच नाहीत तर काय’ याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. बहुतेक जण ते लिहीत नाहीत आणि एखाद्या वादळी दिवशी निम्मा पोर्टफोलिओ बदललेला, निम्मा तसाच, अशा अवस्थेत सापडतात.

दुसरी गोष्ट पैशांची. आपल्या प्रोग्रामने या ५० हजारांत ४०० शेअरांची ऑर्डर दिली होती असे धरू. हिशेब करताना भाव ६० होता, म्हणून २४ हजार डॉलर बाजूला ठेवले. बिल मात्र २४ हजार ४० चे आले. चाळीस डॉलर ही काही मोठी रक्कम नाही, पण खात्यात नेमके २४ हजारच असतील, तर ब्रोकर ऑर्डर नाकारू शकतो किंवा उधारी चढते. टेस्लाच्या त्या शुक्रवारी आदल्या दिवसाचा बंद भाव ६५५.९० होता, तो धरून नेमके पैसे ठेवणाऱ्याला जवळपास सहा टक्के कमी पडले असते. म्हणून शेअरांची संख्या ठरवताना थोडी रोख मोकळी ठेवतात आणि उरलेल्या फरकाचा हिशेब दुसऱ्या दिवशी जुळवतात.

इथेच जुन्या आकडेवारीवर नियम तपासून पाहणाऱ्यांची एक लाडकी चूकही उघडी पडते. कागदावर ते म्हणतात : आजचा बंद भाव दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर गेला, की आजच्याच बंद भावाला घ्या. कागदावर जमते, बाजारात जमत नाही. बंद भाव कळेपर्यंत बंद भावाला घेण्याची मुदत टळून गेलेली असते. प्रामाणिक चाचणीत निर्णय दुपारी पावणेचारच्या भावावर घेतात आणि सौदा बंद भावाला धरतात. भाव सरासरीच्या अगदी काठावर असेल, त्या दिवशी पावणेचारचा कौल आणि चारचा कौल वेगळे निघतात. असे दिवस थोडे असतात. पण कागदावरचा नफा आणि खात्यातला नफा यांत फरक का पडतो, याचा बराचसा उलगडा त्यांतच होतो.

मुदतीचे गणित प्रत्येक बाजाराचे निराळे आहे. दोन्ही मोठे अमेरिकी बाजार न्यूयॉर्कच्या वेळेनुसार चार वाजता बंद होतात. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंज एमओसी आणि एलओसी घेते तीन पन्नासपर्यंत. २०१९ च्या आधी ही मुदत तीन पंचेचाळीसची होती. नॅस्डॅक एमओसी तीन पंचावन्नपर्यंत घेते. पण तिथे एक खोच आहे : ऑर्डर टाकता येते पंचावन्नपर्यंत, ती हवी तेव्हा मागे घेता येते मात्र पन्नासपर्यंतच. त्यानंतर खरीखुरी चूक झाली असेल तरच सवलत, आणि तीही थोडाच वेळ. त्यावर ब्रोकरची स्वतःची मुदत असते, आणि ती बाजाराच्या मुदतीआधीच संपते. त्यामुळे प्रोग्राममध्ये जी वेळ लिहायची ती ब्रोकरची, बाजाराची नव्हे.

तीन पन्नासनंतर बाजार एक माहिती सतत प्रसिद्ध करू लागतो : घेणारे आणि विकणारे यांच्यात किती तफावत आहे आणि आत्ता लिलाव झाला तर साधारण काय भाव निघेल. आपल्या उदाहरणात सुरुवातीला ‘घेणारे २० हजारांनी जास्त’ असा आकडा झळकला असता. तफावत भरून काढणाऱ्यांनी पुढे यावे, यासाठी तो असतो. मात्र तो अंदाज आहे, निकाल नव्हे. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजच्या फ्लोअरवरचे ब्रोकर बंद होण्याच्या अवघ्या दहा सेकंद आधीपर्यंत एका खास प्रकारच्या ऑर्डरी देऊ शकतात, त्यामुळे पन्नासला दिसलेली खरेदीची तफावत अठ्ठावन्नपर्यंत विक्रीची झालेली दिसते. ज्याची ऑर्डर आधीच गेली आहे आणि मागे घेता येत नाही, अशा प्रोग्रामला हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. नोंदवून ठेवावा, बस. दुसऱ्या दिवशी ‘भाव शेवटी एवढा का उसळला’ असे कोणी विचारले, तर उत्तर हाताशी असते.

काहींनी या माहितीचा उपयोग भलत्याच कामासाठी केला. न्यूयॉर्कची अथीना कॅपिटल रिसर्च ही पेढी २००९ च्या उत्तरार्धात नॅस्डॅकवर हजारो शेअरांचे बंद भाव शेवटच्या दोन सेकंदांत झपाट्याने सौदे करून हलवत होती, असा ठपका अमेरिकी नियामकाने ठेवला. तफावतीच्या उलट बाजूने आधी ऑर्डर लावायची आणि मग शेवटच्या क्षणी भाव आपल्याला हवा तिकडे ढकलायचा, अशी ती रीत. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला पेढीने ‘ग्रेव्ही’ असे नाव दिले होते. २०१४ साली आरोप मान्य किंवा अमान्य न करता पेढीने दहा लाख डॉलर दंड भरला. अतिवेगवान सौद्यांतून भाव हाताळल्याचा नियामकाने चालवलेला हा पहिलाच खटला.

आता हा प्रोग्राम भारतात बसून चालवणाऱ्यांकडे वळू. पुण्या-मुंबईच्या कितीतरी कार्यालयांत अमेरिकी फंडांची रात्रपाळीची कामे चालतात, आणि स्वतःच्या पैशाने अमेरिकी शेअर घेणारे हौशीही आहेत. न्यूयॉर्कचे तीन पन्नास म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री एक वीस आणि हिवाळ्यात दोन वीस. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपले घड्याळ हलत नाही. ‘रोज रात्री सव्वा दोन’ असे भारतीय वेळेत लिहिलेले काम हिवाळाभर नीट चालते आणि मार्चमधल्या एका सोमवारी बाजार बंद होऊन पंचेचाळीस मिनिटे झाल्यावर जागे होते. वेळ न्यूयॉर्कच्या नावाने लिहायची आणि रूपांतर संगणकावर सोडायचे, हा साधा उपाय. तरी दर वर्षी कोणीतरी त्यात सापडतेच.

त्याहून लबाड सापळा अर्ध्या दिवसांचा. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बाजार दुपारी एकलाच बंद होतो. २०२५ मध्ये तो दिवस होता २८ नोव्हेंबर, शुक्रवार. त्या दिवशी न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजची मुदत बारा पन्नासला संपली, म्हणजे आपल्याकडे रात्री अकरा वीसला. ज्या प्रोग्रामने वेळ न्यूयॉर्कच्या नावाने लिहिली होती, पण ‘तीन पंचेचाळीस’ असा आकडा पक्का ठोकला होता, तोही चुकणार. आकडा ठोकायचाच नसतो. बाजाराच्या सुट्ट्यांच्या यादीतून त्या दिवसाची बंद होण्याची वेळ घ्यायची आणि त्यातून मिनिटे वजा करायची.

त्या दिवसाचे नीट चाललेले काम असे दिसले असते. बारा चाळीसला प्रोग्रामने भाव घेतले, शेअरांची संख्या ठरवली. बारा बेचाळीसला ऑर्डर पाठवली. ब्रोकर आणि बाजार ज्या सांकेतिक भाषेत बोलतात, त्यात ती साधारण अशी असते :

```
35=D|11=20251128-XYZ-B-01|55=XYZ|54=1|38=400|40=1|59=7
```

यातले `54=1` म्हणजे खरेदी, `38=400` म्हणजे संख्या, `40=1` म्हणजे कोणत्याही भावाला, आणि `59=7` म्हणजे फक्त बंद होतानाच्या लिलावात. हा शेवटचा तुकडा राहून गेला, तर ऑर्डर त्याच क्षणी चालू भावाला पुरी होते; प्रोग्राम खूश होतो आणि घोटाळा संध्याकाळपर्यंत कळत नाही. `11` पुढचा मजकूर म्हणजे ऑर्डरचे आपण दिलेले नाव. तारीख, शेअर, बाजू आणि क्रमांक जोडून केलेले हे नाव दिसायला क्षुल्लक आहे, पण ऑर्डर पाठवल्यावर नेटवर्क तुटले आणि उत्तरच आले नाही, तर त्याचा खरा उपयोग कळतो. नवे नाव देऊन पुन्हा पाठवली, तर ८०० शेअर येतील, आणि मुदत टळल्यावर जास्तीचे ४०० मागे घेता येणार नाहीत. तेच नाव ठेवून पाठवली, तर ब्रोकरची यंत्रणा दुसरी प्रत ओळखून नाकारते. त्याआधी ‘या नावाची ऑर्डर आहे का’ असे विचारून घेणे तर केव्हाही चांगले.

बारा पंचेचाळीसला प्रोग्रामने एकच गोष्ट तपासली : ऑर्डर ‘पाठवली’ एवढ्यावर थांबली आहे, की बाजाराने ‘स्वीकारली’ आहे. या दोन शब्दांत पाच मिनिटांचे अंतर राखण्याचे कारण हेच, की नाकारली असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यायला वेळ उरावा. नंतर बाजार बंद होईपर्यंत काही करायचे नसते. मुदत चुकलीच, तर शेवटच्या मिनिटांत साध्या ऑर्डरींनी काम उरकता येते. पण मग मिळालेला भाव बंद भाव नव्हे, हे अहवालात ठळकपणे लिहावे लागते. तो फरक झाकला, तर फंडाच्या कामगिरीत कारण न सापडणारी चिमूटभर घसरण साठत जाते.

एक वाजता लिलाव होतो, आणि इथून पुढचे काम बंद भाव टिपण्याचे. ते कारकुनी वाटते, म्हणून नवख्या माणसाकडे दिले जाते. निम्म्या चुका मात्र इथेच होतात.

पहिला भास मिनिटामिनिटाच्या नोंदींचा. बरेच जण दिवसाच्या शेवटच्या मिनिटाचा, तीन एकोणसाठचा, अखेरचा भाव उचलतात. तो चार वाजण्याआधीच्या शेवटच्या सौद्याचा भाव असतो. लिलावाचा सौदा चारच्या ठोक्याला किंवा त्यानंतर नोंदला जातो, त्यामुळे तो पुढच्या मिनिटाच्या रकान्यात पडतो. नॅस्डॅकचा लिलाव चारच्या ठोक्याला उरकतो. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजवर एखाद्या शेअरचा लिलाव पुरा व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. दरम्यान चारनंतरचे सौदे सुरू झालेले असतात, आणि ‘शेवटचा भाव’ या नावाखाली पडद्यावर तेही दिसतात. कंपनीने चारनंतर लगेच तिमाही निकाल जाहीर केले, तर चार वाजून एका मिनिटाचा हा ‘शेवटचा भाव’ बंद भावापासून आठ-दहा टक्के दूर असू शकतो.

म्हणून भाव वेळेवरून ओळखायचा नाही, खुणेवरून ओळखायचा. अमेरिकेच्या एकत्रित भावफितीत प्रत्येक सौद्याला खुणेचे अक्षर जोडलेले असते. लिलावातल्या खऱ्या सौद्याला `6` ही खूण असते, आणि बाजाराने जाहीर केलेल्या अधिकृत बंद भावाच्या संदेशाला `M`. चारनंतरच्या सौद्यांवर `T` असतो. दोनच खुणा पाहायच्या, तर मग चुकायचे कुठे? तर, `M` एकच बाजार पाठवत नाही. एकाच शेअरचे सौदे डझनभर बाजारांत होतात आणि त्यांतले अनेक आपापला बंद भाव जाहीर करतात. ज्या बाजारात कंपनी नोंदलेली आहे, त्याचाच `M` अधिकृत, बाकीचे घरगुती.

मग कंपनी कुठे नोंदलेली आहे, याची यादी ठेवावी लागते, आणि ती यादी बदलते. वॉलमार्ट कंपनी अर्धशतकाहून अधिक काळ न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजवर होती. ९ डिसेंबर २०२५ रोजी ती नॅस्डॅकवर गेली. ज्या प्रोग्राममध्ये ‘वॉलमार्ट म्हणजे न्यूयॉर्क’ असे एकदाच लिहून ठेवलेले होते, त्याची त्या दिवशी दोन्ही कामे बिघडणार : ऑर्डर मुदतीसाठी चुकीच्या बाजाराचे घड्याळ पाहणार आणि भाव चुकीच्या `M` वरून टिपणार. दुसरी चूक भयंकर, कारण असा भाव खऱ्यापासून सेंट-दोन सेंटच दूर असतो आणि कोणाच्या नजरेत भरत नाही.

यावर सर्वांत चांगली तपासणी आपल्याच खिशात असते. एमओसी ऑर्डर लिलावात पुरी झाली, तर तिला बंद भावच मिळतो, एक सेंटही इकडेतिकडे नाही. तेव्हा आपल्या ४०० शेअरांना मिळालेला भाव आणि टिपलेला बंद भाव तंतोतंत सारखे आहेत का, एवढेच पाहायचे. दोन्ही ६०.१० असतील तर काम चोख. फरक असेल, तर शक्यता मोजक्याच : भाव चुकीचा टिपला, ऑर्डरवर `59=7` नव्हते, किंवा ब्रोकरने ती लिलावात न पाठवता स्वतःच बंद होण्याच्या सुमारास बाजारात सोडली. थोडासा फरक चालेल, अशी मोकळीक इथे कधी ठेवायची नाही. आकडेही सेंटांच्या पूर्णांकांत साठवलेले बरे. दशांशांच्या अंदाजी साठवणुकीत थेट टिपलेला ६०.१० आणि आकडेमोडीतून निघालेला ६०.१० संगणकाला वेगळे वाटू शकतात आणि खोटी धोक्याची घंटा वाजते.

कधी कधी लिलावच होत नाही. कमी चालणाऱ्या शेअरात दोन्ही बाजूंना कोणी नसेल, तर शेवटच्या पात्र सौद्यावरून बंद भाव ठरतो. २० मार्च २०१७ रोजी एनवायएसई आर्का या बाजारात यंत्रणा बिघडून कितीतरी ईटीएफचे लिलाव होऊ शकले नाहीत. अशा दिवशी अधिकृत भाव जाहीर होतो, पण त्याच्या आधी `6` खुणेचा सौदा येत नाही आणि एमओसी ऑर्डर न भरता परत येते. प्रोग्रामने केवळ `M` पाहून ‘झाले’ म्हटले, तर वहीत शेअर येतील, खात्यात येणार नाहीत. म्हणून आधी खात्यातली संख्या, मग भाव, असा तपासणीचा क्रम ठेवतात.

शेवटचा घोळ काही वर्षांनी उगवतो. आज एखाद्या संकेतस्थळावर टेस्लाचा १८ डिसेंबर २०२० चा बंद भाव पाहिला, तर ६९५ दिसत नाही. २३१ डॉलर ६७ सेंट दिसतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये टेस्लाने एका शेअरचे तीन केले, आणि भाव पुरवणाऱ्यांनी मागचे सगळे आकडे तिनाने भागले. हिशेब तपासणारा कोणी २३१.६७ ला तिनाने गुणून पाहील, तर त्याला ६९५.०१ मिळतील आणि तो एका सेंटाच्या मागे दिवस घालवेल. त्या दिवशी टिपलेला कच्चा भाव, बाजाराचे नाव, खूण आणि वेळ हे सगळे जसेच्या तसे ठेवले, तर हा शोध टळतो. विभागणीचे गणित वेगळ्या रकान्यात.

हे सगळे मुंबईच्या बाजाराला लावायला गेले, तर पायाच वेगळा निघतो. नॅशनल स्टॉक एक्सचेंजवर बंद भाव शेवटच्या सौद्याचा नसतो आणि लिलावाचाही नव्हता. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी म्हणजे बंद भाव, अशी इथली रीत. त्या वेळात १० हजार शेअर ५०० ला आणि ३० हजार शेअर ५०४ ला गेले, तर बंद भाव ५०३. साडेतीनला कोणी दहा शेअर ५०८ ला घेतले, तरी तो ५०३ च राहतो. मोबाइलवर शेवटचा भाव ५०८ दिसत असताना थोड्या वेळाने बंद भाव ५०३ कसा झाला, हे अनेकांना पडणारे कोडे इथून येते. एका ऑर्डरीने भाव हलवणे कठीण, हा या पद्धतीचा गुण. पण ‘बंद भावालाच घ्या’ असे सांगितलेल्या फंडाची पंचाईत होते, कारण सरासरी भाव कोणी विकायला ठेवत नाही. त्याला अर्धा तास ऑर्डर तुकड्यातुकड्यांत सोडावी लागते आणि तरी थोडा फरक उरतोच. तीन चाळीस ते चार या वेळात बंद भावाला सौदे करण्याची सोय आहे, पण समोरून कोणी विकणारा आला तर.

म्हणून सेबीने ऑगस्ट २०२५ मध्ये चर्चापत्र काढून भारतातही बंद होतानाचा स्वतंत्र लिलाव सुचवला. सुरुवात वायदा व्यवहार असलेल्या शेअरांपासून, तीन पंधरा ते तीन पस्तीस अशी वीस मिनिटे, भावाला संदर्भ भावापासून तीन टक्क्यांची वर-खाली मर्यादा, आणि ऑर्डरी थांबवण्याचा क्षण आधी कोणाला न कळणारा, असा तो आराखडा होता. हाँगकाँगने हे धडे महाग मोजून घेतले होते. तिथे २००८ मध्ये भावाला मर्यादा न घालता लिलाव सुरू झाला, आणि ९ मार्च २००९ रोजी एचएसबीसी बँकेचा शेअर लिलावाच्या काही मिनिटांत ३७.६० वरून ३३ हाँगकाँग डॉलरवर आला. त्याच महिन्यात लिलाव थांबवला गेला, तो मर्यादा आणि अनिश्चित शेवट घालून २०१६ मध्ये परत आला.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी या आराखड्यातली अनिश्चित शेवटाची तरतूद सर्वांत महत्त्वाची. न्यूयॉर्कच्या ऑर्डरीसाठी मुदतीच्या आधी सात-आठ मिनिटे मोजून ठेवता येतात. शेवटचा क्षणच माहीत नसेल, तर ऑर्डर स्वीकारली गेल्याची खात्री वेळ सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटांतच करून घ्यावी लागते. आणि तीन टक्क्यांच्या मर्यादेमुळे एखाद्या दिवशी सगळे घेणारेच निघाले, तर भाव मर्यादेला टेकतो आणि कोणत्याही भावाला घ्यायला तयार असलेल्यांच्याही ऑर्डरी अपुऱ्या राहतात. ज्यांच्या न्यूयॉर्कच्या प्रोग्राममध्ये ‘एमओसी म्हणजे पूर्ण भरली’ असे गृहीत धरलेले आहे, त्यांना मुंबईसाठी तो भाग नव्याने लिहावा लागेल : किती मिळाले ते विचारा, उरलेले उद्यासाठी ठेवा, आणि आजच्या अहवालात दोन्ही आकडे दाखवा.